बॅग मागून आली

आईचं खुब्याचं हाड मोडल्याचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या वृद्धाश्रमात दुपारची ड्यूटी करत होते. मी तिथे नर्स आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना उठवायचं, बसवायचं, भिंतीला धरून चालवायचं आणि स्वतःची आई पाच हजार मैलांवर पडलेली, हे काही मनाला पटेना. भाऊ म्हणाला, "ऑपरेशन ठरलंय, तू घाई करू नकोस." पण त्याचा आवाज घाई कर असंच सांगत होता. मी सुट्टी टाकली आणि मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं.

धुक्यामुळे पहिलं विमान उशिरा सुटलं. आखातातल्या विमानतळावर मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत सुटले आणि हैदराबादचं विमान कसंबसं गाठलं. मी धावले, पण बॅग कुठली धावायला! हैदराबादला पट्टा फिरत राहिला. एकेक करून सगळे आपापल्या बॅगा घेऊन गेले. शेवटी दोरीने बांधलेलं एक खोकं तेवढं गोल गोल फिरत होतं, आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते.

माझी पहिली इच्छा होती की जाऊ दे बॅग, बाहेर पडून सोलापूरची गाडी पकडू. भावाने गाडी ठरवून ठेवली होती आणि ड्रायव्हरचे फोन सुरू झाले होते. पण बॅगांच्या खिडकीशी बसलेल्या बाईने मला हातानेच थांबवलं. वयाने माझ्याएवढीच असेल. रांगेत आणखी बरेच जण चिडून उभे होते आणि ती प्रत्येकाशी तितक्याच शांतपणे बोलत होती.

"मॅडम, रिपोर्ट केल्याशिवाय बाहेर जाऊ नका," ती हिंदीत म्हणाली. "एकदा बाहेर गेलात की बॅग आली नव्हती हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल."

तिने बॅगेचा रंग विचारला, चाकं किती, कंपनी कुठली, आत ओळखू येईल असं काय आहे तेही विचारलं. आत आईसाठी आणलेलं निळं लोकरी जाकीट होतं, ते सांगितलं. माझ्या बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर तिने उतरवून घेतला. बॅग नंतर येईल तेव्हा कस्टममधून ती सोडवून घ्यायला माझी सही लागेल म्हणून एका कागदावर सही घेतली, कुलपाचा आकडाही लिहून घेतला. मग रिपोर्टची प्रत माझ्या हातात दिली. वर कोपऱ्यात अक्षरं आणि आकड्यांचा एक क्रमांक होता. "हा जपा. पुढे सगळं याच्यावर चालेल. आणि ही बॅगेची चिठ्ठी, बोर्डिंग पास, काही टाकू नका."

"बॅग येईपर्यंत मी काय करू?" मी विचारलं. "माझ्या अंगावरचे कपडे सोडले तर काही नाही. मी थेट हॉस्पिटलमध्ये राहायला चाललेय."

तिने खणातून एक छोटी पिशवी काढून दिली. आत दातांचा ब्रश, कंगवा, साबण आणि एक पांढरा सदरा होता. म्हणाली, "गरजेच्या वस्तू विकत घ्या. अडलं असेल तेच घ्या. बिलं मूळ ठेवा. प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेलं बिल, तारीख आणि दुकानाचं नाव असलेलं. नुसती कार्डाची पावती चालत नाही, त्यात काय घेतलं ते कळत नाही. मग कंपनीकडे अर्ज करा."

"किती रुपयांपर्यंत?"

"ते मी सांगू शकत नाही. कंपनी बिलं बघून ठरवते. वाजवी असेल तर बहुतेक देतात. सगळंच देतील असं समजू नका." एवढं सांगून ती पुढच्या माणसाकडे वळली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची मला आजही रुखरुख लागते. तिच्या त्या पाच-दहा मिनिटांवर माझं पुढचं सगळं उभं राहिलं.

सोलापूरला पोहोचले ती सरळ हॉस्पिटलमध्ये. आईचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. ती उशीवर डोकं टेकून दाराकडे बघत होती. मला पाहिल्यावर तिने आधी माझ्या मागे पाहिलं.

"सामान कुठंय?"

"मागून येतंय."

"म्हणजे तू रिकाम्या हातानं आलीस?" असं म्हणून ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली, असं भाऊ नंतर म्हणाला.

खोलीत दोन खाटा होत्या. दुसरीवर अक्कलकोटकडच्या एका गावच्या म्हाताऱ्या होत्या, त्यांचंही हाड मोडलेलं. त्यांची सून सोबतीला होती. पन्नाशीची, उंच, कपाळावर विभूतीचं बोट. सासूशी कानडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत. माझी अवस्था तिने ऐकली होती. मी तोंड धुऊन आले तर तिने पिशवीतून एक कोरा गाऊन काढून माझ्यासाठी आईच्या खाटेच्या कडेला ठेवला होता.

"हितं राहायचं म्हणून घेतला होता. घडी मोडली न्हाय अजून. तुमीच मोडा."

"अहो, तुमचा नवीन गाऊन मी कसा घालू?"

"मग काय त्या जाड पँटीत झोपणार व्हय? हितं उकडतंय की."

मार्च उलटून गेला होता आणि मी आयर्लंडचे कपडे अंगावर घालून बसले होते. वहिनीचे कपडे मला येण्यासारखे नव्हते, ती माझ्या खांद्याला लागते. मी तो गाऊन घातला. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. प्रवासाचा शीण होता, आईला तशी पडलेली पाहिलं होतं, आणि एका अनोळखी बाईने मला आपल्या नव्या कपड्याची घडी मोडू दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली अडचण आली ती गोळ्यांची. मला रक्तदाबाची गोळी रोज लागते. हातातल्या पर्समध्ये एकच पट्टी होती आणि तीही संपत आलेली. बाकी सगळ्या बॅगेत. नर्स असून मी औषधं बॅगेत टाकली होती! वॉर्डच्या डॉक्टरांनी माझं प्रेशर तपासलं आणि चिठ्ठी लिहून दिली. खालच्या औषधाच्या दुकानात गेले तर तिथल्या माणसाने खाटेचा नंबर विचारला, बटणं दाबली आणि बिल आलं ते आईच्या नावाचं. माझ्या गोळ्या, आईचं नाव.

"हे माझ्या नावाने करून द्याल का?"

"एकाच घरचं तर आहे ताई. डिस्चार्जच्या वेळी एकत्र होईल."

"एकाच घरचं आहे, पण माझी बॅग हरवलीय. विमान कंपनीला दाखवायचंय. त्यांना आईचं नाव दिसलं तर म्हणतील ही औषधं बाईंची नाहीतच."

मग त्याने जुनं बिल रद्द केलं, माझं नाव आणि डॉक्टरांचं नाव टाकून नवं काढलं आणि चिठ्ठीची झेरॉक्सही जोडून दिली. म्हणाला, "मूळ चिठ्ठी तुमच्याकडे ठेवा, पुन्हा लागेल." मी त्याचे आभार मानले तर तो लाजला.

दुपारी भाऊ आईजवळ बसला आणि वहिनी मला नवी पेठेत घेऊन निघाली. गाऊन देणाऱ्या अक्कलकोटच्या बाईंनी निघताना सांगितलं, "माझ्या मावशीच्या पोराचं दुकान हाय तितं. कापडाचं. माझं नाव सांगा." रिक्षा पेठेच्या तोंडाशीच थांबली, आत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेत हातगाडीवर रबरी चपला घेतल्या. बिल विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या मी माझ्या खर्चात टाकल्या आणि विसरून गेले.

दुकानात दोन सुती कुर्ते, दोन सलवारी, आतले कपडे, एक टॉवेल आणि एक गाऊन काढले. वहिनीचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त होता. तिने वरच्या फळीवरची एक रेशमी साडी खाली काढायला लावली.

"ही घ्या की ताई. कंपनीच देतेय म्हटल्यावर काय."

"कंपनी अडलेल्या वस्तूंचे देते. साडीवाचून माझं काय अडलंय?"

"आईंचं ऑपरेशन झालंय, पाहुणे येतायत भेटायला. अडलंच की." ती हे गमतीने म्हणत होती, पण अर्धं मनातलंही होतं. मी साडी परत घडी करून फळीवर ठेवायला सांगितली. मला त्या खिडकीतल्या बाईचा 'वाजवी' हा शब्द आठवत होता. आठवड्याभराचे धुऊन घालता येतील इतके कपडे वाजवी, त्यापलीकडे नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मालक गल्ल्यावर बसले होते. त्यांनी छोट्या वहीवर भराभर आकडे मांडले, खाली बेरीज केली आणि वर नुसतं 'कपडे' असं लिहून कागद फाडून दिला.

"मला पक्कं बिल पाहिजे," मी म्हणाले. "एकेक वस्तू वेगळी लिहिलेलं."

"पक्कं करायचं तर कॉम्प्युटरवर करावं लागंल. बसा जरा."

ते करत असताना वहिनीने तिच्या मुलीसाठी निवडलेले दोन फ्रॉक त्याच ढिगावर ठेवले. "हेही त्यातच घाला," ती मालकांना म्हणाली.

"फ्रॉकचं बिल वेगळं करा," मी म्हणाले. "आणि हा गाऊनही वेगळा. तो माझ्यासाठी नाही." गाऊन अक्कलकोटच्या बाईंसाठी होता.

वहिनीचं तोंड उतरलं. "एवढ्यानं काय होतंय? मी पैसे देणारच होते तुम्हाला."

"मला माहितेय. पण माझ्या बॅगेत लहान मुलीचे फ्रॉक नव्हते. एका ओळीवर शंका आली की ते सगळं बिल बाजूला टाकतील."

मालकांनी तीन बिलं काढली. वहिनी आपलं बिल द्यायला पर्स उघडू लागली तेव्हा फ्रॉकचे पैसे मीच दिले, आत्याकडून म्हणून. माझे कपडे मात्र माझ्या कार्डाने घेतले. भावाने फोनवरून पैसे पाठवतो म्हटलं होतं, पण अर्ज माझ्या नावाने करायचा तर पैसेही माझ्याच खात्यातून गेलेले बरे. शेजारच्या दुकानातून शांपू, क्रीम, दुखऱ्या टाचांचं मलम, असलं किरकोळ घेतलं. तिथलं बिल गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. असले कागद उन्हात पांढरे पडतात, म्हणून दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच मी सगळ्या बिलांचे फोटो काढले.

परतताना रिक्षात वहिनी फ्रॉकची पिशवी मांडीवर धरून बाहेर बघत होती. मला वाईट वाटत होतं. हॉस्पिटलच्या दाराशी उतरताना तीच म्हणाली, "तुम्ही तिकडं नोकरीत असं सगळं लिहून ठेवता का?"

"दिलेली प्रत्येक गोळी लिहितो. नाही लिहिली तर दिली नाही असंच धरतात."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. संध्याकाळी तिने डब्यात माझ्यासाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वेगळी बांधून आणली. मी ती चटणी बोटाने चाटत खाल्ली.

गाऊन दिला तर अक्कलकोटच्या बाई आधी घेईनात. "दिल्याचं परत घेत्यात व्हय कुटं?" मग मी तो त्यांच्या सासूबाईंच्या पायाशी ठेवला. म्हातारी कानडीत काहीतरी म्हणाली आणि गाऊनवर हात फिरवू लागली. सून हसली. "त्यांना रंग आवडलाय. आता राहू द्या."

ते सगळे दिवस मी आईजवळ बसून होते. दर वेळी गावी आले की माझं अर्धं मन बॅगेत असायचं. कुणाला चॉकलेट, कुणाला परफ्यूम, कुणाचं राहिलं. या वेळी काढायला काही नव्हतंच. मी तिचे पाय दाबले, तिला वॉकरला धरून उभं केलं, वृद्धाश्रमात करते तसं सगळं केलं. फरक एवढाच की इथे ती मला मध्येच थांबवून म्हणायची, "तुझे केस विंचर आधी." एकदा खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "या खेपेला तू नुसती आलीस. बरं झालं." मी तिचा हात हातात घेऊन बसले.

मधल्या काळात रोज एकदा क्रमांक टाकून बॅगेचा ठावठिकाणा बघायचे. आधी काहीच दिसेना, मग सापडली असं आलं, मग हैदराबादला आली. शेवटी एक टेम्पो भावाच्या घरी घेऊन आला. टेम्पोवाला सही मागत होता. मी आधी बॅग उघडून पाहिली, चाकं, कड्या तपासल्या. काही मोडलं असतं तर ते सात दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. सगळं धड होतं. मग पावतीवर तारीख आणि वेळ घालून सही केली आणि तिचाही फोटो काढला.

बॅग हातात आल्यापासून एकवीस दिवसांत अर्ज लेखी जायला हवा, हे मी कंपनीच्या नियमांत वाचलं होतं. म्हणून परत जायची वाट न बघता भावाच्या जेवणाच्या टेबलावरूनच तो पाठवला. रिपोर्ट, तिकीट, पासपोर्टची प्रत, बॅगेची चिठ्ठी, बिलं, बॅग मिळाल्याची पावती. मलमाचं नाव बिलावर मराठीत होतं, त्याच्याशेजारी इंग्रजीत काय ते लिहिलं. मूळ कागद एका पाकिटात घालून जवळ ठेवले, कारण ते पुढे मागू शकतात.

काही दिवसांनी उत्तर आलं: नाही. पासपोर्टवरचा पत्ता सोलापूरचा आहे, म्हणजे तुम्ही घरीच गेला होतात, घरी माणसाकडे कपडे असतातच, त्यामुळे अंतरिम, म्हणजे बॅग येईपर्यंतचा, खर्च देता येत नाही. भाऊ संतापला. "बघ, मला वाटलंच होतं. कुणी देत नाही. उगाच वेळ घालवलास."

मला राग आला नाही, नवल वाटलं. सोलापूर माझं घर नाही, असं मला आता त्यांना पटवून द्यायचं होतं. आई तोवर घरी आली होती, ती पलंगावर बसून ऐकत होती. मी म्हणाले, "आई, मी त्यांना लिहितेय की मी इथे राहत नाही."

"खरंच आहे ते," ती म्हणाली. "लिही."

मी आयर्लंडच्या रहिवासी कार्डाचा फोटो, परतीचं तिकीट आणि तिथल्या नोकरीचं पत्र जोडलं. हॉस्पिटलमध्ये मुक्काम होता हे दाखवायला डॉक्टरांचा कागदही जोडला. भांडले नाही, चार ओळी लिहिल्या. पुढच्या आठवड्यात उत्तर बदललं. साबण-शांपू, मलम आणि गोळ्यांचे सगळे पैसे मंजूर. कपड्यांचे निम्मे, कारण कपडे तुमच्याकडेच राहिले आहेत आणि पुढेही वापराल. वाचताना मला ते पटलंच. मी अजूनही त्यातला एक कुर्ता घालते.

उरलेल्या निम्म्यासाठी मी माझ्या प्रवास विम्याकडे अर्ज केला. पॉलिसी तिकडे घेतलेली होती, त्यामुळे त्यांच्या लेखी सोलापूर हे परगावच. बॅग ठरावीक तासांपेक्षा जास्त उशिरा आली तरच ते देतात, म्हणून त्यांनी किती तास उशीर झाला याचं विमान कंपनीचं पत्र मागितलं. आणि कंपनीने आधी किती दिले तेही विचारलं. एकाच बिलाचे पैसे दोनदा मिळत नाहीत, तसे मागूही नयेत. मी खरं ते सांगितलं आणि उरलेली रक्कम मिळाली.

आयर्लंडला परतल्यावर हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा भाऊ हसत म्हणाला, "चपलांचे राहिले की." मी म्हणाले, राहू देत.

आई आता घरातल्या घरात काठीने फिरते. मी दर रविवारी फोन करते. परवा तिने फोन उचलायच्या आत कुणीतरी दुसरंच बोललं. अक्कलकोटच्या बाई होत्या, सासूला तपासणीसाठी सोलापूरला घेऊन आल्या होत्या आणि आईला भेटायला घरी आल्या होत्या. "कधी येताय?" त्यांनी विचारलं. "यंदा आमच्याकडं यायचं. मठात दर्शनाला जाऊ, आन मग घरी जेवायला." मी येते म्हटलं. मग त्यांनी फोन आईकडे दिला आणि आईने मला औषध घेतलंस का, असं विचारलं.